एक रवा की छत्तीस

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. वर्गात शिकवतानाही मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत असते. त्यामुळे पेपर तपासणीचे ते आठ दिवस मला शिक्षाच वाटायचे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडलेली, टेबलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि आम्ही आठ परीक्षक लाल पेन घेऊन माना खाली घालून बसलेले. दोन हजार सालाच्या पुढेमागे, मी तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या वर्षी मला तास मिळणार की नाही हे ज्यांच्या हातात होतं, तेच सर तपासणीचे प्रमुख होते. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

पेपर बी.कॉम.च्या स्टॅटिस्टिक्सचा, चाळीस गुणांचा. पास व्हायला चौदा लागत. सहा गुणांचा एक प्रश्न सरांनी गुळावर काढला होता. आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. रव्यांचं वजन नॉर्मल वितरणाचं, सरासरी तीस किलो, प्रमाण विचलन एक पूर्णांक दोन किलो. त्यातून छत्तीस रवे नमुन्यादाखल घेतले, तर त्यांची सरासरी २९.८ आणि ३०.३ किलोच्या दरम्यान असण्याची शक्यता किती? सरांनी सगळ्यांना आदर्श उत्तर वाटलं होतं. खाली उत्तर होतं, ०.१६६२.

मी भराभर तपासायची. पेठ वडगावची पाचची एसटी चुकली की घरी पोचायला सात वाजायचे, आणि लहान मुलगी दारात उभी राहून रडायची. गणिताच्या प्रश्नात मी आधी शेवटची ओळ बघायची. जुळली की सहा, नाही जुळली की वर एक नजर टाकून शून्य. हॉलमध्ये सगळ्यात जास्त पेपर माझे व्हायचे, आणि त्याचा मला तोराही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेपर आला. अक्षर गोल, सुबक. पोरानं, किंवा पोरीनं, घंटेसारखी वक्ररेषा काढून दोन्ही वजनं तिच्यावर मांडली होती, मधला भाग पेन्सिलीनं रंगवला होता. उत्तर ०.७७४५. मी मनात म्हटलं, रंगवत बसण्यापेक्षा गणित नीट केलं असतंस तर बरं झालं असतं. शून्य दिलं. बेरीज नऊ झाली. गठ्ठा बांधला, शिपाई मामांच्या हातात दिला आणि पुढचा ओढला.

जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला तरी वीस मिनिटं उरली. रिकामं बसणं मला जमत नाही. डब्याखालच्या कागदावर मी उगाच ते गणित सोडवायला घेतलं. दोन दिवसांत ते मी एकदाही स्वतः सोडवलेलं नव्हतं, हे आज लिहितानाही लाज वाटते. एका रव्याचं वजन सव्वा किलोभर इकडेतिकडे होईल, पण छत्तीस रव्यांची सरासरी तेवढी हलत नाही. एखादा भारी निघाला तर दुसरा हलका निघतो. म्हणून विचलनाला छत्तीसच्या वर्गमूळानं, म्हणजे सहानं भागायचं. उरलं ०.२. तीसच्या खाली ०.२, त्याला या ०.२ नं भागलं की उणे एक. वर ०.३, म्हणजे दीड. तक्त्यात एकपर्यंतचं क्षेत्रफळ ०.३४१३, दीडपर्यंतचं ०.४३३२. बेरीज ०.७७४५.

सकाळी मी शून्य दिलेलं उत्तर हेच होतं. आदर्श उत्तर पुन्हा काढून बघितलं. त्यात १.२ नंच भागलं होतं, सहाचा पत्ताच नव्हता.

मी धावत जिन्यापाशी गेले. मामा विडी ओढत बसले होते. मघाचा गठ्ठा कुठं आहे विचारलं.

"वर गेला की म्याडम. गुण चढवायला बसल्यात. आता सरांच्या सहीबिगर खाली येत न्हाय."

जिन्यावरच मी चार फेऱ्या मारल्या. सरांना सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर त्यांची चूक काढायची. तास गेले तर? दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईपर्यंत गप्प राहिले तर? पण वर तो पेपर नापास म्हणून चढत होता, आणि ते शून्य माझ्या हातचं होतं. मला स्वतःचाच भयंकर राग आला. राग आला की मला भीती वाटत नाही, एवढा एक फायदा.

सर पान लावत होते. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, आदर्श उत्तर मी दोनदा बघितलेलं आहे, तू जा, तपासायला बस.

"सर, प्रश्न एका रव्याचा हाय की छत्तीसांचा?"

त्यांनी पान खाली ठेवलं. कागद ओढून पेन्सिलीनं एकेक ओळ उतरत गेले. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"गेल्या साली एकच रवा हुता," ते म्हणाले. "प्रश्न बदलला मी. उत्तर तेच ऱ्हायलं."

मग ते उठले, हॉलमध्ये मधोमध उभे राहिले आणि उत्तर माझं चुकलंय, सगळे गठ्ठे परत उघडायचे, असं सरळ सांगून टाकलं. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. हॉलमध्ये मात्र कुरकुर सुरू झाली. शेजारचे एक मास्तर, तुम्हाला जेवण गोड लागत नव्हतं काय, म्हणून माझ्यावर घसरले. माझी एसटी तर गेल्यातच जमा होती.

गठ्ठे खाली आले. तो गोल अक्षराचा पेपर मी आधी शोधला. शून्य खोडून सहा लिहिले, नऊचे पंधरा केले, शेजारी सही केली. इतकं हलकं वाटलं की मुलीचीही आठवण राहिली नाही. मग पुढचा पेपर उघडला. त्यात उत्तर होतं ०.१६६२. मी सकाळी सहा दिले होते, आणि एकूण चौदा. म्हणजे जेमतेम पास.

मी पेपर घेऊन सरांकडे गेले. ज्यांना दिलेत त्यांचे राहू द्यायचे का, असं विचारलं. सरांनी मान वर केली.

"चुकीला मार्क द्यायचे असतील, तर मग माझ्या उत्तराला काय वाईट हुतं?"

तक्ता वापरता आला एवढ्याचा फक्त एक गुण द्यायचा, असं त्यांनी ठरवून दिलं. मी जागेवर आले, दोनदा उठले, पाणी प्याले, परत बसले. मग सहा खोडून एक केला. चौदाचे नऊ झाले.

पुढच्या वर्षी मला तास मिळाले, सरांनीच दिले. चौदाचे नऊ झालेल्या त्या मुलानं केली तीच चूक सरांनी केली होती. न बघता तीच मी दोन दिवस लाल पेनानं बरोबर ठरवत होते. आमच्या तिघांत नापास तो एकटा झाला.