मागच्या तासाची उजळणी

भालकीच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा पहिली पाच मिनिटं माझ्या फार आवडीची होती. हजेरी झाली की मी मागच्या धड्याची तोंडी उजळणी करायचो, मग आजचा विषय सांगायचो. नोट्स बघायची गरज पडायची नाही, म्हणून थोडा रुबाबही वाटायचा.

त्या दिवशी आधीच्या वर्गातून धावतच आलो होतो. परवा ऑस्मोसिस, म्हणजे पडद्यातून पाणी झिरपणं, शिकवलं होतं, आज प्लाझ्मोलिसिस घ्यायचं होतं. हजेरी उरकून मी सुरू केलं. मध्ये बारीक पडदा असला की पाणी दाट द्रावणाकडून पातळाकडं जातं, असं ठासून सांगितलं. चाळीस माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीत नव्हती. ती जवळच्या खेड्यातून बसनं यायची, एरवी फारशी बोलायची नाही. मी विचारलं, लिहीत का नाहीस? ती उभी राहिली.

"सर, परवा तुमी याच्या उलटं सांगितलं होतं."

 मी तिची वही मागून घेतली. परवाच्या पानावर बरोबर लिहिलेलं होतं: पाणी पातळाकडून दाटाकडं. चूक माझीच होती, आत्ताची.  तरी उगीच अब्रू राखायला मी म्हणालो, मग यातलं खरं कुठलं, ते तू कशावरून ठरवलंस?

"काल आईनं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं. सकाळी बघितलं तर बरणीत पाणीच पाणी, अन् फोडी आकसलेल्या. पाणी कैरीतनं मिठाकडं जायलंय, न्हाई का?"

व्हय, म्हणालो मी. आणि हसू आलं, कारण आजचा विषय तिनंच मांडून दिला होता. मी सगळ्यांना मघाची ओळ खोडायला लावली, बरोबर ओळ लिहून घेतली. मग फळ्यावर एक पेशी काढली. बाहेर भिंत, आत पडदा. भिंत जागेवरच राहते, पाणी बाहेर गेलं की आतला ऐवज पडद्यासकट आकसून भिंतीपासून सुटतो. याचंच नाव प्लाझ्मोलिसिस, कैरीच्या फोडीत पहिल्यांदा हेच होतं. माझ्या तयारीत मनुक्याचं उदाहरण होतं, ते तसंच राहिलं.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये मी हा किस्सा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितला. ते म्हणाले की त्यांचीही अशी चूक झाली होती, फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही, अख्खं वर्ष तसंच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक बदल केला. उजळणी कुणीतरी विद्यार्थी करायचा, मी गप्प ऐकायचो. पहिले आठ दिवस सगळे त्या मुलीकडंच बघत राहिले, आणि मीही तिलाच उभं करायचो. शेवटी तीच वैतागून म्हणाली की मला रोज उभं करू नका, बाकीच्यांना पण येतंय.