डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि वाळूजच्या कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आलं होतं. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं, रोज नवी इमारत उभी राहत होती. आमचा कारखाना चालत होता तो वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा फिरवणाऱ्या प्लान्टवर. प्लान्ट जपानी होता, आणि कारखान्यात जपानी भाषा येणारी मी एकटीच होते, दुभाषी म्हणून.

माझे वडील कचेरीत कारकून, आजोबा भिक्षुकी करणारे. मी जपानी शिकायला लागले तेव्हा नातेवाइकांनी भरपूर चेष्टा केली. जपानीतून सत्यनारायण सांगणार का, असं विचारायचे. मी मनावर घेतलं नाही. पण प्लान्टच्या मॅनेजरसाहेबांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "मॅडम, आता मोबाइलच समदं भाषांतर करतोय. पुढल्या महिन्यापासून आपण त्याच्यावरच भागवू." ते मात्र मला झोंबलं. साहेब लासूर स्टेशनकडचे, मनात येईल ते तोंडावर बोलणारे. राग धरावा असं त्यांच्यात काही नव्हतं, तरी मी धरला.

त्याच महिन्यात प्लान्टचा कॉम्प्युटर जळाला. नव्यावर जपानी विंडोज घातलं आणि प्लान्टचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. ते काळ्या खिडकीत कमांड देऊन बसवायचं असतं. ओळींमागून ओळी धावल्या आणि सगळं थांबलं. कंट्रोल रूममध्ये मेंटेनन्सचा इंजिनिअर आणि साहेब मोबाइल पडद्यासमोर धरून उभे होते.

"शेवटची ओळ म्हणते, इन्स्टॉलेशन फेल झालं, मॅनेजरशी संपर्क करा," साहेब म्हणाले. "मॅनेजर तर मीच हाय. मी कुणाला फोन लावू?"

इंजिनिअर शहागंजचा, कामात पक्का. तो म्हणाला, "मॅडम, अपन पूरा फॉरमॅट मारते. फिर भी नाही झालं तर जपानहून माणूस बोलवायचा." माणूस यायला आठवडा लागणार होता, आणि टाकीत उद्यापुरतंच पाणी होतं. त्यानंतर कारखाना बंद.

मी खुर्ची ओढली. शेवटची ओळ फक्त काय झालं ते सांगत होती, का झालं ते नाही. म्हणून अगदी वर गेले आणि एकेक ओळ वाचत खाली आले. पहिल्या काही ओळींपुढे 警告, म्हणजे इशारा, असं होतं. अमुक फॉन्ट सापडला नाही, दुसरा वापरतो, वगैरे. त्यानंतरही काम पुढे सरकलेलं दिसत होतं, म्हणजे ते सोडून द्यायचं. मग पहिल्यांदा エラー आलं, म्हणजे एरर: डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही. त्याखालच्या ओळी तिच्यामागून आलेल्या. तिथे लिहिता आलं नाही म्हणून सेटिंगची फाइल तयार झाली नाही. फाइल नाही म्हणून प्रोग्रॅम सुरू झाला नाही, आणि म्हणून शेवटी फेल. मोबाइलने ह्या सगळ्या ओळींचं भाषांतर केलं होतं, बरंचसं बरोबरही. पण त्याला सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

"हीच ओळ," मी म्हटलं. "बाकीच्या विसरा. ह्या कॉम्प्युटरवर डी म्हणजे काय आहे?"

"डी? डी तो सीडी का..." इंजिनिअर बोलता बोलता थांबला. जुन्या कॉम्प्युटरवर डी हा हार्ड डिस्कचा भाग होता. नव्यावर ते अक्षर सीडी ड्राइव्हला गेलं होतं, आणि आत सीडीही नव्हती. सॉफ्टवेअर बिचारं तिथे फोल्डर करायला बघत होतं. "फॉरमॅट मारून पण हेच आलं असतं," तो म्हणाला आणि कामाला लागला. सीडीला दुसरं अक्षर दिलं, हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागाला डी केलं. कमांड पुन्हा दिली. फॉन्टचे इशारे तसेच आले, पण ह्या वेळी ओळी थांबल्या नाहीत. शेवटी 正常に終了しました, म्हणजे व्यवस्थित पूर्ण झालं. थोड्या वेळाने पंप सुरू झाले आणि मला इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही.

साहेबांनी लगेच जपानला फोन लावायला सांगितला. पलीकडे प्लान्ट बनवणाऱ्या कंपनीचे मुख्य इंजिनिअर होते, त्यांच्याशी मी आधी कधी बोलले नव्हते. दुभाष्याने स्वतःचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही गाळायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. साहेब म्हणाले, "त्यास्नी सांगा, आमच्या दुभाषी मॅडमनं नेमकी ओळ धरली म्हणून प्लान्ट चालू झाला. लई हुशार बाई हाय." जपानीत स्वतःची स्तुती करणं म्हणजे मोठाच आगाऊपणा. पण बोलणं साहेबांचं होतं. मी त्यातला एक शब्दही सौम्य न करता सगळं सांगितलं.

मुख्य इंजिनिअर म्हणाले, त्या बाई जवळ असतील तर त्यांना फोन द्या. सवयीने मी हेही साहेबांना मराठीत सांगितलं.

"मग द्या की," साहेब म्हणाले.

मी फोनमध्ये म्हटलं, "मीच बोलतेय."