फुटलेला लोलक आणि पाण्याची नळी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा काचेचं सामान लेकरासारखं जपायचे. आणि गंमत बघा, शाळेतला एकुलता एक लोलक पुसताना त्यांच्याच हातून फुटला. तासाभरात इंद्रधनुष्याचा धडा होता. आता बाई काय म्हणतील, या धास्तीने मामांनी बागेतली नळी आणली आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फवारा उडवला. रंग काही दिसेनात.

"मामा, सूर्याकडे तोंड करून काय उभे राहिलात? पाठ करा," आम्हाला घेऊन तिथे आलेल्या बाई म्हणाल्या.

मामा वळले, तशी फवाऱ्यात रंगीत कमान उमटली.

बाईंनी आम्हाला तिथेच समजावलं, "किरण थेंबात शिरताना वाकतो, ते अपवर्तन. प्रत्येक रंग कमी-जास्त वाकतो आणि सुटा होतो, ते अपस्करण. मग थेंबाच्या मागच्या बाजूने काही प्रकाश आतच परततो, ते आंतरिक परावर्तन. बाहेर पडताना तो पुन्हा वाकतो आणि आपल्याकडे येतो. म्हणून सूर्य पाठीशी हवा."

"म्हणजे थेंब न् थेंब लोलकासारखा?" मामांनी विचारलं.

"हो, शिवाय आत आरसा."

"मग बाई, एक फोडला, पण हजारो आणले. फिटंफाट झाली."

बाईंना हसू आवरेना. पुढे नवा लोलक आला, तरी हा धडा दर वर्षी मामांच्या नळीवरच व्हायचा.