खोबरेल तेलाचा मक्ता

ठाण्याच्या म्युनिसिपालिटीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा रस्त्यांवरचे दिवे खोबरेल तेलावर जळत. कल्याणचे एक वयस्क तेली कित्येक वर्षे ते तेल पुरवत होते. त्यांचा करार दर साली मार्चअखेर संपे. दोन महिने आधी कोणी लेखी कळवले नाही, तर तो आपोआप पुढच्या सालासाठी चालू राही. त्या वर्षी कमिटीने घासलेटचे दिवे बसवायचे ठरवले आणि तेल्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले.

मी दोन ओळी लिहिल्या: करार बंद, एप्रिलपासून तेल पाठवू नये. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी कागद वाचला आणि मला जवळ बसवून घेतले. ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्यांनी काही गुन्हा केलाय का? नाही ना? मग तसं लिहा."

त्यांनी सांगितले तसा मी मसुदा पुन्हा केला. कराराचे कलम आणि दोन महिन्यांची मुदत त्यात घातली. मुदत संपेपर्यंत तेल नेहमीप्रमाणे घेतले जाईल, असे लिहिले. शेवटी हे घातले: "दिव्यांची पद्धत बदलल्याने करार पुढे चालवण्याचा विचार नाही. यात आपला काही कसूर नाही. इतकी वर्षे चोख माल वेळेवर पुरवलात, याबद्दल कमिटी आपली आभारी आहे."

जानेवारी संपायला चारच दिवस उरले होते. मुदत कागद हातात पडल्यापासून मोजतात, लिहिल्यापासून नाही, असे सांगून साहेबांनी मला त्याच दिवशी कल्याणला धाडले.

तेली घाण्यापाशीच भेटले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मीच वाचून दाखवले. त्यांनी बैल थांबवला आणि कसुराचे वाक्य पुन्हा वाचायला लावले.

"भाऊसाहेब, बरं केलंत," ते म्हणाले. "नाहीतर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानं भेसळ केली म्हणून मक्ता गेला."

वसईच्या व्यापाऱ्याला पुढल्या सालच्या खोबऱ्याच्या खरेदीचा शब्द ते त्याच आठवड्यात देणार होते, तो आता देणार नव्हते. त्यांनी माझ्याजवळच्या नकलेवर पोच म्हणून अंगठा उठवला आणि मला गूळपाणी दिल्याशिवाय सोडले नाही.

मार्चअखेरपर्यंत तेल एकदाही चुकले नाही. पुढे एका मोठ्या देवस्थानाने समयांच्या तेलासाठी माणूस शोधायला घेतला, तेव्हा तेल्यांनी तोच कागद तिथल्या पंचांपुढे ठेवला आणि काम त्यांना मिळाले. हे सांगायला ते मुद्दाम ठाण्याला आले. मला नमस्कार करू लागले, तेव्हा मी त्यांना हेडक्लार्कसाहेबांच्या मेजापाशी नेले. साहेबांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

त्यानंतर नोकरीभर मी अशी पुष्कळ पत्रे लिहिली. ती कशी लिहावीत हे त्या एका दुपारी मला शिकवणाऱ्या माणसाचे उपकार मी अजून मानतो.