एका घराचे दोन दलाल

गोंदियाहून भंडाऱ्याला बदली झाली, तेव्हा घरासाठी माझ्या तीनच अटी होत्या: तळमजला, संडास आत, नळ स्वतंत्र. सासऱ्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, त्यामुळे पहिल्या दोन सोडता येणार नव्हत्या. असं घर एकच मिळालं, कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

ते दोघांनी दाखवलं. आधी बसस्थानकाजवळच्या पानठेलेवाल्याने, पण मालक बाहेरगावी असल्याने फाटकाबाहेरूनच. पुढे दुसरा एक दलाल किल्ली घेऊन आला. त्याने आत नेलं, भाडं ठरवलं, मला मालकांना आगाऊ रक्कम द्यायला लावली. त्याची दलाली एका महिन्याचं भाडं, घराचा ताबा मिळाल्यावर.

सामानाचा ट्रक फाटकाशी लागला, तेव्हा पानठेलेवाला ओट्यावर बसलेला होता. ज्याने घर पहिल्यांदा दाखवलं, दलाली त्याची, असं त्याचं म्हणणं. गोंदियात मी कुलूप उघडणाऱ्याला दिली होती. इथली रीत वेगळी निघाली. दुसऱ्याला ती ठाऊक असावी, कारण त्याचा आवाज लगेच चढला. दोघांनाही पूर्ण महिना हवा होता.

मालक निवृत्त तलाठी. किल्ली मुठीत धरून म्हणाले, आधी तुमचं मिटवा. नाही तर आगाऊ रक्कम परत न्या, तुमसरचं एक कुटुंब थांबलंच आहे. सासरे केबिनमध्ये पाय लांब करून बसले होते. ड्रायव्हरला अंधाराआधी परतायचं होतं आणि किल्ली मिळेपर्यंत तो सामानाचा दोर सोडायला तयार नव्हता.

दोन दलाल्या द्यायची माझी तयारी नव्हती, ऐपतही नव्हती. मी मालकांना विचारलं, "काकाजी, तुमच्याकडून यांनी काही घेतलं का?"

दुसरा दलाल मध्येच म्हणाला, "ते आमच्या दोघातलं हाय बाई, तुमाले कायले पायजे?"

मालकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "एका महिन्याचं भाडं घेतलं. भाडेकरूकडून काही घेत नाही म्हणाला होतास ना बे?"

मला त्याने नेमकं उलटं सांगितलं होतं.

पानठेलेवाला हसला. "दोन्हीकडून खाऊन राहिला, अन् मले हाकलून राहिला."

मी तिथल्या तिथे ठरवलं. मालकांची दलाली दुसऱ्याला पोचलीच होती, ती त्याची. माझी पानठेलेवाल्याची. सगळ्यांसमोर नोटा त्याच्या हातात दिल्या.

मालक तरी थांबले. "उद्या तिसरा आला त?"

"त्याला माझ्याकडे पाठवा."

मग त्यांनी मूठ उघडली.

खुर्चीत बसवून सासऱ्यांना उचललं, एका बाजूने ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूने पानठेलेवाला. दुसरा दलाल फाटकातच उभा होता. बदलीची माणसं पुन्हा घर शोधायला येतातच, एवढंच तो म्हणाला, आणि खुर्ची अगदी अंगाशी येईपर्यंत बाजूला झाला नाही.