वीस मार्चचा दाखला

माझी आत्या दाखल्यांचे अर्ज भरते. दोन संगणक, एक प्रिंटर, समोर बाक, एवढंच तिचं केंद्र. लोक तिला ‘घाईबाई’ म्हणतात. कारण ती प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते: एप्रिलात झुंबड उडते, मार्चमध्येच दाखला काढून ठेवा. लग्न केलं नाही, सुट्टी घेतली नाही. बावीस वर्षं लोकांची कागदपत्रं वेळेआधी तयार ठेवण्यात घालवली. तिच्या या शिस्तीचा मला भारी अभिमान होता.

माझा नॉन-क्रीमी लेयरचा दाखलाही तिनं वीस मार्चलाच काढला, केंद्र सरकारच्या नमुन्यातला. कागद तयार, म्हणून मीही निर्धास्त अभ्यास करत बसले. केंद्राच्या भरतीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा मुदत संपायला चार दिवस होते. दाखल्याची तारीख टाकली आणि चौकट लाल झाली. एक एप्रिल किंवा त्यानंतरचाच दाखला चालेल.

“अगं, महिन्याचा तर आहे!” आत्या पडद्यावरच खेकसली. “राज्याच्या परीक्षेला दाखल्याची मुदत संपली का, तेवढंच बघतात. तिथं हाच चालला असता.”

मग तिनं जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचली. दाखला संपलेल्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर मिळतो. वीस मार्चला चालू वर्ष संपलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या दाखल्यात त्याआधीची तीन वर्षं धरलेली. भरतीला नुकतं संपलेलं वर्षही हवं होतं. बाबांचं उत्पन्न होतं तेवढंच होतं, पण ते सांगणारा कागद बारा दिवस लवकर निघाला होता.

“खुल्या प्रवर्गातून भर,” ती म्हणाली. मी वयाच्या अटीवर बोट ठेवलं. वयातली तीन वर्षांची सवलत या दाखल्यावरच होती. त्याशिवाय मी वयात बसत नव्हते आणि पुढच्या वर्षी सवलत धरूनही बसणार नव्हते.

चार दिवस आत्यानं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. आधी तलाठ्याचा अहवाल, मग नव्या वर्षासह उत्पन्नाचा दाखला, मग प्रांत कार्यालय. कारकून ओळखीचा होता, तोही म्हणाला, “मावशी, साहेबांची सही रांगेनंच होते. हे तुम्हीच लोकांना सांगता ना?”

मला संताप आवरेना. “तुझ्या घाईनं माझं वाटोळं केलं,” मी सगळ्यांदेखत बोलले. बाकावरची माणसं खाली बघू लागली. आत्या समोरच्याचा अर्ज भरत राहिली. ती कधी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती, म्हणून मला आणखीच राग आला.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दाखला आला. तारीख बरोबर, तिन्ही वर्षं बरोबर, शिक्का बरोबर. आत्यानं तो छापला, सवयीनं दोन झेरॉक्स काढल्या आणि त्या कुठे लावायच्या हे आठवेना म्हणून हातात धरून उभी राहिली.

“पुढचा कोण?” बाकावरून कुणीतरी विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही.