काकूंचा चार्ज

मधुमेह असलेल्या लोकांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, काय खाल्लं, किती चाललात, साखर किती आली ते विचारायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी एखादी छोटी गोष्ट दोघांनी मिळून ठरवायची, असं माझं काम आहे. हुद्दा हेल्थ कोच. कंपनी दुसऱ्या शहरातली, मी बुलढाण्यात माझ्या खोलीत बसून फोन करते. गोळ्यांबद्दल आम्ही सल्ला द्यायचा नाही, ते डॉक्टरांचं. मला ही नोकरी आवडते, कारण समोर माणूस नसला की मला बरं बोलता येतं.

काकू चिखलीजवळच्या उंद्रीच्या. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या कॅनडातल्या मुलाने त्यांचं नाव आमच्याकडे नोंदवलं होतं. दीड वर्ष दर मंगळवारी आम्ही बोललो. मी शिकले इंग्रजी शाळेत, घरी आई-बाबा पुस्तकी मराठी बोलतात. काकूंची वऱ्हाडी मला सुरुवातीला कान देऊन ऐकावी लागायची. त्यांना ते कळायचं. "समजलं काय, का पुन्हा सांगू?" असं त्या मध्येच विचारायच्या.

यंदा मुलाने त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. तिकडच्या लोकांसाठी कंपनीची वेगळी कोच असते, कारण वेळ जुळत नाही आणि तिथल्या दवाखान्यांची पद्धतही वेगळी. अशा वेळी जुन्या कोचने नव्या कोचसाठी टिपण लिहायचं असतं. त्यात काय ठरलं होतं, काय जमलं, काय जमलं नाही, कशाची काळजी घ्यायची, हे सगळं येतं. माझं हे पहिलंच टिपण. मी ते इंग्रजीत लिहिलं. साखरेचे आकडे दोन्ही मापांत दिले, कारण आपल्याकडे जी साखर एकशे चाळीस म्हणतात ती तिकडच्या मीटरवर सात पूर्णांक आठ दिसते, आणि काकू एवढा लहान आकडा पाहून घाबरल्या असत्या. ज्वारीच्या भाकरीचा आकार लिहिला. संध्याकाळी चालताना त्यांना सोबत लागते हे लिहिलं.

शेवटी एक ओळ लिहिली आणि तिथेच अडले.

काकू दर संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत उपवास करतात. गेल्या वर्षी दोन वेळा त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि दिवसभर नुसता चहा घेतला. दुपारी हातपाय कापायला लागले, घाम फुटला. साखर खाऊन त्या सावरल्या. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मी डॉक्टरांकडे जायचा आग्रह धरला, त्या चिखलीला जाऊन आल्या, आणि उपवासाच्या दिवशी ती गोळी सकाळी न घेता रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. पण तोंडी. कागदावर जुनंच होतं. नव्या कोचला हे कळणं गरजेचं होतं. तिकडे मुलगा-सून कामावर गेल्यावर काकू दिवसभर घरात एकट्या असणार होत्या.

मुलाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. "त्याले समजलं तं उपासच बंद करीन तो," असं काकू म्हणाल्या होत्या.

नियम असा की टिपण पाठवण्याआधी ज्याच्याबद्दल ते आहे त्याला पूर्ण वाचून दाखवायचं, त्याचा होकार घ्यायचा. होकार मिळाला की एक प्रत नव्या कोचकडे आणि एक प्रत नोंदवलेल्या ईमेलवर आपोआप जाते. काकूंच्या नावापुढचा ईमेल आणि मोबाइल दोन्ही मुलाचे होते. दीड वर्षात हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण मी बोलायचे काकूंच्याच नंबरवर.

मी फोन करून म्हटलं, तुम्हाला एक कागद वाचून दाखवायचा आहे.

"कशाचा?"

"तुमची सगळी माहिती नवीन ताईला द्यायची आहे, त्याचा."

"म्हंजे माह्या चार्ज देऊन राह्यली तू," काकू म्हणाल्या. "मंग फोनवर काऊन? चार्ज समोरासमोर असते. ये इकडं."

क्लायंटच्या घरी जायची आम्हाला सक्ती नाही, मनाईही नाही. मी वरिष्ठांना विचारलं आणि शनिवारी चिखलीला बस बदलून उंद्रीला गेले.

काकू फोनवर वाटायच्या त्याहून उंच निघाल्या. घरभर बॅगा उघड्या पडलेल्या. एका बॅगेत तिखट-मसाल्याच्या पुड्या, दुसरीत लोकरीचे कपडे, दुकानातली चिठ्ठी अजून लावलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मले वाटे चांगली जाडजूड बाई असन. माह्या जेवणावर एवढी नजर ठेवते."

मी हसले.  त्यांनी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला, दोघींसाठी.

मी इंग्रजीतून वाचत मनात मराठी करत सांगू लागले. इंग्रजीत जे सौम्य वाटत होतं ते मराठीत तोंडावर सांगताना फार उघडं वाटलं.

"तुम्ही... कोणतीही गोष्ट सुचवली की लगेच हो म्हणता. पण ती करालच असं नाही."

काकूंनी चष्मा वर केला. "हे लिहिलं तू?"

"हो."

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "पुढं."

"कोरडं खोबरं सोडायला जमलं नाही."

"नाही जमलं. तिकडं भेटत असन तं तेही लिव."

भाकरीचं माप त्यांना पटलं नाही. त्यांनी उठून डब्यातली भाकरी आणली, माझा हात उघडून त्यावर ठेवली. माझ्या बोटांच्या बाहेर गेली ती. मी दुरुस्ती केली. मग उपवासाची ओळ आली. मी ती वाचली आणि कागद खाली ठेवला.

"हे नको," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही नको म्हणालात तर मी काढीन. तो तुमचा हक्क आहे. पण तिला हे कळायला हवं असं मला वाटतं."

"माह्या पोराले जाईन ना हे?"

"एक प्रत त्यांच्या ईमेलवर जाते. ते बदलता येतं. ईमेल काढून तुमचा नंबर टाकला की प्रत त्यावर येते."

त्या बराच वेळ मसाल्याच्या पुड्यांवर रबरबँड लावत बसल्या. मीही एकेक पुडी त्यांच्यापुढे सरकवत राहिले. मला जमतं ते एवढंच.

मग त्या सांगायला लागल्या. निवृत्त होताना त्यांनी नव्या सेविकेला चार्ज दिला. रजिस्टरं, वजनकाटा, भांडी, सगळं यादीप्रमाणे. एका मुलीचं वजन सारखं कमी भरायचं. कारण काकूंना ठाऊक होतं. अंगणवाडीतून घरी मिळणारा तिचा पोषण आहार तिची आई धाकट्यांनाही वाटायची, पण कोणाला सांगू नका म्हणून तिने हात जोडले होते. "मी नाही सांगतलं. यादीत कुठं लिवणार असं. नवीन बाई तीन महिने त्या पोरीच्या मागं दवाखाने करत राह्यली. मले दिसे रस्त्यानं जाताना. तरी नाही बोलली मी."

"मग?"

"मंग काय. एका दिवशी जाऊन सांगतलं. त्या माईनं माह्याशी बोलणं सोडलं." त्यांनी शेवटची पुडी बांधली. "नंबर बदल. माह्या टाक."

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. नंबर बदलण्यासाठी ओटीपी जुन्या नंबरवर जाईल, असं तिथल्या मुलाने सांगितलं. म्हणजे काकूंच्या मुलाच्या.

मी काकूंकडे पाहिलं. हे मला आधी विचारून ठेवायला हवं होतं.

"आता तिकडं किती वाजले?" त्यांनी विचारलं. इथे पाच वाजले होते. तिकडे सकाळचे साडेसात. काकूंनी फोन स्पीकरवर लावला.

"आई, गाडीत आहे. बोल."

"तुह्या फोनवर एक नंबर येईन. तो सांग मले."

"कोणी मागितला? आई, असे नंबर कोणाला द्यायचे नसतात, किती वेळा सांगितलं."

"कोणी चोर नाही, माही कोच बसेल हाय समोर. माह्या चार्ज होऊन राह्यला. माह्या कागदावर माह्या नंबर पाह्यजे."

"कशाला? माझा आहे ना. मीच तर बघणार सगळं इथे."

 गाडीच्या इंडिकेटरचा टिकटिक आवाज ऐकू येत होता.

"काही लपवून राह्यली काय तू?" मुलाने विचारलं. आता तोही वऱ्हाडीत आला होता.

"हो," काकू म्हणाल्या. "आधी नंबर सांग. मंग सांगीन."

गाडी थांबल्याचा आवाज आला. मग त्याने सहा आकडे सांगितले, एकेक करून. मी ते मदतकेंद्राला सांगितले. नंबर बदलला, ईमेल निघाला. काकूंनी सही केली, शाळेतल्या फळ्यावर असावी तशी सुटी सुटी अक्षरं. उपवासाची ओळ तशीच राहिली. त्याखाली त्यांनी मला एक वाक्य घालायला लावलं, की उपवास सोडा असं यांना सांगू नये, तो कसा करायचा ते विचारावं. आणि चिखलीच्या डॉक्टरांकडून जायच्या आधी तोंडी सांगितलेलं लिहून आणायचं, हे त्यांनीच ठरवलं.

मुलाला फोन परत लावतील का, हे मी विचारलं नाही. परतीच्या बसची वेळ झाली होती.

काकू कॅनडाला गेल्या. दोन आठवड्यांनी आमचा तिघींचा एकत्र फोन झाला. असा एक फोन जुन्या कोचने नव्या कोचबरोबर करायचा असतो, क्लायंटसमोर, म्हणजे पाठीमागे काही राहत नाही. नवी कोच हिंदी बोलणारी, वयाने माझ्याहून मोठी, आवाज शांत. तिने टिपण नीट वाचलं होतं. भाकरीचा आकार विचारला, खोबऱ्यावर हसली. डॉक्टरांचा कागद मिळाल्याचं सांगितलं.  काकू तिच्या प्रत्येक सूचनेला "हां, हां" म्हणत होत्या. तिने एकदा थांबून विचारलं, "यह सच्ची वाली हां है ना?" काकू म्हणाल्या, "आधी सच्ची, आधी झूठी."

शेवटी तिने विचारलं, संकष्टीच्या दिवशी दुपारी बरं वाटेनासं झालं, तर साखर खाल्ल्यावर फोन कोणाला करणार? टिपणातली ती जागा मी मोकळी ठेवली होती. भरायचा मला अधिकार नव्हता.

"बेटे का नंबर लिखो," काकू म्हणाल्या.

"उनको मालूम है?"

"बताया मैंने. गुस्सा हुआ. दो दिन बोला नहीं." मग काकू मला उद्देशून मराठीत म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लावला त्यानं. पुढच्या सगळ्या चतुर्थ्या लिवल्या, अन् चंद्र इथं किती वाजता निघते, ते."